आठवड्याच्या मागणीचा अंदाज: वजन किती ठेवावे? ०.२ घातले तरी अंदाज उड्या मारतो

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. मी घरगुती शागुती मसाला करते. २०० ग्रॅमची पाकिटे फोंडा, बाणस्तारी आणि म्हापशाच्या दुकानांना जातात. दर सोमवारी भाजणे-दळणे होते, म्हणजे आठवड्याला किती पाकिटे करायची ते रविवारी रात्री ठरवावे लागते. आतापर्यंत मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढायचे. जानेवारीत भाच्याने एक्सेलमध्ये घातांकी सरासरीचा तक्ता लावून दिला. त्याने सांगितले, आल्फा म्हणजे ताज्या आठवड्याला द्यायचे वजन, ते लहान ठेव, अंदाज शांत राहील. म्हणून ०.२ घातले.

पाकिटांची मागणी अशी आहे, पहिल्या आठवड्यापासून:
१२०, १३२, ११४, १२६, ११८, १३०, २१०, १२२, १२८, ११६, १३१, १२१

सातव्या आठवड्यात लग्नाच्या एका केटररने अचानक ९० पाकिटे जास्त नेली. तक्ता म्हणाला, आठव्या आठवड्यात १९४ करा. मी विश्वास ठेवून १९४ केली. खपली १२२. बहात्तर पाकिटे उरली आणि माझ्या मसाल्यात सुके खोबरे असते, ते फार दिवस ठेवले की खवट वास येतो. दोन महिन्यांचा नफा त्या पाकिटांत गेला.

०.२ हे लहान वजन आहे ना? मग अंदाज एवढा का उडाला? नेमके वजन किती ठेवू?

तांबडीभाजी
ताई, वजन १०० ग्रॅमचे ठेवून बघा. आमच्या वाड्यावर २०० ग्रॅमचे पाकीट कोण संपवणार? एका शागुतीला चार चमचे लागतात. लहान पाकीट पटापट जाते.

फोंडेकरीण
तांबडीभाजी, पाकिटाचे वजन नव्हे गो, हिशोबातले वजन. पण १०० ग्रॅमचे मनात आहेच, त्यावर वेगळे बोलू.

मडगावचा_एमबीए
सोपे आहे. पुस्तकात आल्फा ०.१ ते ०.३ सांगतात. ०.२ बरोबरच आहे, त्याला हात लावू नका. एका आठवड्यात मोठी ऑर्डर आली की अंदाज वर जाणारच, त्यात पद्धतीचा दोष नाही. तुमची चार आठवड्यांची सरासरीही वर गेलीच असेल.

फोंडेकरीण
गेली होती, पण १४६ पर्यंत. १९४ नाही.

आकडेमोड
एमबीए, थांबा जरा. ०.२ ने १९४ येऊच शकत नाही.

ताई, या पद्धतीत दर आठवड्याला एकच गोष्ट घडते. गेल्या आठवड्याचा अंदाज किती चुकला ते बघायचे, त्या चुकीचा आल्फाइतका हिस्सा जुन्या अंदाजात मिळवायचा, की नवा अंदाज तयार. सातव्या आठवड्याचा अंदाज १२३ च्या आसपास असायला हवा. आली २१०, म्हणजे चूक ८७ ची. तिचा पाचवा हिस्सा साधारण १७. तेव्हा आठव्या आठवड्याला १४० यायला हवे. तुमचा तक्ता १९४ म्हणतो, म्हणजे त्याने चुकीचा पाचवा हिस्सा घेतलेला नाही, पाचातले चार घेतले आहेत.

तक्त्यात सातव्या आठवड्यासमोर अंदाज किती दिसतो? आणि ते ०.२ नेमके कुठल्या चौकटीत लिहिले?

फोंडेकरीण
सातव्यासमोर १२७.८५ आहे. Data Analysis उघडून Exponential Smoothing निवडले. तिथे Damping factor अशी चौकट येते, तीत ०.२ लिहिले. दुसरी चौकटच नाही.

आकडेमोड
सापडले. ती चौकट आल्फाची नाही, ती एकातून आल्फा वजा केल्यावर उरते त्याची आहे. म्हणजे जुन्या अंदाजाला किती धरून ठेवायचे ते. तुम्ही ०.२ लिहिले, एक्सेलने ताज्या आठवड्याला ०.८ दिले. १२८ वरून २१० ला जाताना चूक ८२ ची, तिचे पाचातले चार म्हणजे ६६. १२८ आणि ६६ मिळून १९४. हिशोब पैशापर्यंत जुळतो.

खात्री करायची तर अंदाजाच्या एखाद्या घरावर क्लिक करा. वर सूत्र दिसेल. त्यात मागणीच्या घराला ०.८ ने गुणलेले असेल.

फोंडेकरीण
आहे! 0.8*B3 असेच लिहिले आहे. भाच्याला आताच फोन करते.

पेडणेकर_दुकानदार
भाच्याला रागावू नका. मलाही कोणी विचारले असते तर मी तिथे ०.२ च लिहिले असते. नाव वेगळे दिले तर माणसाने समजायचे कसे?

आकडेमोड
पेडणेकर, म्हणूनच मी ती खिडकी वापरूच नका म्हणतो. सूत्र आपल्या हाताने लिहावे, आल्फा एका घरात ठेवावा, म्हणजे तो बदलून बघता येतो. ताई, मागणी B2 पासून खाली असेल तर:

```
E1:  0.2
C3:  =B2
C4:  =$E$1*B3+(1-$E$1)*C3
D3:  =ABS(B3-C3)
E2:  =AVERAGE(D3:D13)
```

C4 आणि D3 खाली ओढून न्या. पहिल्या आठवड्याला अंदाज नाही, दुसऱ्याला पहिल्याचीच मागणी अंदाज म्हणून घेतली आहे. C च्या प्रत्येक घरात त्या आठवड्याच्या आधी जे माहीत होते तेवढेच आले पाहिजे, ते मात्र नीट बघा. E2 मध्ये सरासरी चूक येईल, पाकिटांत.

फोंडेकरीण
केले. ०.२ ला सरासरी चूक १६.५ आली. ०.८ लिहिले तर २२.६. म्हणजे वजन बरोबर घातले असते तर आठव्या आठवड्यात १४० केली असती आणि अठराच उरली असती. अठरा मी शेजारीपाजारी खपवली असती.

मडगावचा_एमबीए
मी हाच डेटा घेऊन तीन आठवड्यांची चल सरासरी लावली. सरासरी चूक १४.५ आली. तुमच्या १६.५ पेक्षा कमी. मग आल्फाच्या भानगडीत कशाला पडायचे? साधी चल सरासरी जिंकली.

आकडेमोड
एमबीए, ही सरासरी कशी काढली? तीही Data Analysis मधल्या Moving Average ने का?

मडगावचा_एमबीए
हो. Interval ३.

आकडेमोड
तुमच्या तक्त्यात सातव्या आठवड्यासमोर १५२.६७ आहे. ११८, १३० आणि २१० यांची सरासरी. आता सांगा, सहाव्या आठवड्याच्या रविवारी रात्री ताई मसाला किती करायचा ते ठरवत होत्या, तेव्हा २१० चा आकडा त्यांना कुठून कळणार? केटरर अजून यायचा होता.

ते साधन सरासरी त्याच ओळीत मांडते, चालू आठवडा धरून. मागणीचे चित्र काढायला ते ठीक आहे. अंदाज म्हणून वापरायचे तर प्रत्येक आकडा एक ओळ खाली सरकवावा लागतो. सरकवून पुन्हा चूक काढा. आणि तुलना दोन्हीकडे त्याच आठवड्यांवर करा, चौथ्यापासून बाराव्यापर्यंत.

मडगावचा_एमबीए
सरकवले. २३.७ येते. त्याच नऊ आठवड्यांवर आल्फा ०.२ ला १७.९. मान्य, माझी चूक. ऑफिसातही आम्ही गेले वर्षभर हाच तक्ता वापरतोय, उद्या पहिल्यांदा तोच बघतो.

पण एक मुद्दा ठेवतो. चार आठवड्यांची सरासरी आणि आल्फा ०.४ ही एकच गोष्ट आहे. सूत्रच आहे, दोन भागिले आठवडे अधिक एक. तेव्हा दोन पद्धतींत मुळात फरक नाही.

आकडेमोड
सूत्र बरोबर, निष्कर्ष अर्धा. त्या सूत्राने दोन्हींतल्या माहितीचे सरासरी वय सारखे होते, एवढेच. ते वय कसे वाटलेले आहे ते वेगळे.

ताईंचाच केटरर बघा. चार आठवड्यांच्या सरासरीत २१० शिरला की पुढचे चार अंदाज १४६, १४५, १४७.५, १४४ असे वरच अडकतात. मग २१० चौथ्या आठवड्यानंतर यादीतून बाहेर पडतो आणि अंदाज एकदम १२४ वर कोसळतो. त्या आठवड्यात बाजारात काहीच घडलेले नसते, महिन्यापूर्वीचा एक आकडा फक्त गळून पडलेला असतो. आल्फा ०.२ मध्ये अंदाज १४० ला चढतो आणि १३७, १३५, १३१ असा उतरत जातो. जुनी गोष्ट विसरायची, पण टप्प्याटप्प्याने.

रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकन माणसाने ही पद्धत आरमाराच्या सुट्या भागांच्या साठ्यासाठी वापरली ती १९५० च्या दशकात. तेव्हाचा एक मोठा फायदा असा की प्रत्येक वस्तूमागे एकच आकडा जपून ठेवावा लागे, शेवटचा अंदाज. ताईंना वहीवरसुद्धा हे जमेल.

हुर्राकवाला
सत्तरीतून लिहितोय. आमचे छोटे दुकान आहे. फेब्रुवारी ते मे हुर्राक, बाकी वर्ष फेणी. मुलाने हीच पद्धत हुर्राकला लावली. मार्चभर अंदाज कमी, रोज गिऱ्हाईक परत. जून उजाडला, काजूचा हंगाम संपला, तरी तक्ता म्हणतो चाळीस बाटल्या ठेवा. आल्फा ०.२ चा ०.६ केला तरी तेच, फक्त थोडे कमी. मग पद्धत चुकीची की आमचा मुलगा?

आकडेमोड
दोघेही नाही, वस्तू चुकीची निवडली. ही पद्धत एकच समजते, की मागणी एका पातळीभोवती वरखाली होते आणि ती पातळी सावकाश सरकते. तिचा पुढच्या आठवड्याचा अंदाज आणि दहा आठवड्यांनंतरचा अंदाज एकच असतो, सपाट रेघ. हुर्राकची मागणी चढते, टेकते आणि शून्याला येते. चढताना अंदाज कायम मागे, उतरताना कायम वर. आल्फा वाढवला तर मागे राहणे कमी होते, जात नाही.

हे ओळखायची खूण चुकीच्या चिन्हात आहे. पातळीभोवतीची मागणी असेल तर चूक कधी वर, कधी खाली असते. सलग सहा-सात आठवडे एकाच बाजूची असेल तर आल्फाशी खेळणे सोडावे. वेगवेगळे आल्फा घालून बघताना सर्वांत कमी चूक ०.९ किंवा १ ला येत असेल तरीही तोच संशय घ्यावा. तिथे कल किंवा हंगाम आहे, आणि आल्फा बिचारा त्याच्यामागे धावतो आहे.

पेडणेकर_दुकानदार
गिऱ्हाईक परत गेले म्हणालात त्यावरून आठवले. आम्ही दुकानदार वहीत विक्री लिहितो. माल संपला त्या आठवड्यात विक्री ऐंशी दिसते, पण मागायला आलेले सव्वाशे असतात. ते ऐंशी तक्त्यात घातले की पुढच्या आठवड्याचा अंदाज खाली येतो, माल कमी आणतो, पुन्हा संपतो. माझ्याकडे पावाच्या लाद्यांचे असेच झाले होते, महिनाभर पोदेराला दोष देत होतो. आता मी रिकाम्या हाताने गेलेल्यांच्या कागदावर रेघा मारतो आणि आठवड्याच्या शेवटी विक्रीत मिळवतो. ताई, तुमचे आकडे विक्रीचे की मागणीचे?

फोंडेकरीण
मागणीचे. दुकानदार फोनवर जेवढी मागतात तेवढी लिहिते, दिली नाही तरी. पण हे कधी मुद्दाम ठरवून केलेले नव्हते, सासूबाईंची वहीच तशी होती.

आकडेमोड
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. निम्मे काम तिथेच झाले आहे.

आता मूळ प्रश्न, आल्फा किती. त्याआधी केटररचे ९० बाजूला काढा. सातव्या आठवड्याला १२० लिहा आणि ९० वेगळ्या स्तंभात ठेवा. मग E1 मध्ये ०.१, ०.२, ०.३ आणि ०.८ घालून E2 काय म्हणतो ते सांगा.

फोंडेकरीण
०.१ ला ५.७, ०.२ ला ६.०, ०.३ ला ६.५, ०.८ ला ९.०. म्हणजे ०.१ सगळ्यांत चांगले?

आकडेमोड
०.१ आणि ०.३ मधला फरक एका पाकिटाहूनही कमी आहे. अकरा आठवड्यांच्या आकड्यांवर एवढ्या फरकाला अर्थ नाही. पुढचे चार आठवडे आले की क्रम उलटाही होईल. यातून एवढेच कळते की ०.८ नको, आणि ०.१ ते ०.३ मध्ये काहीही चालेल.

मग निवड दुसऱ्या कारणाने करा. पातळी खरोखर बदलली तर किती दिवसांत कळायला हवे? समजा उद्या दुकानांकडून आठवड्याला ४० पाकिटे जास्त लागू लागली. ०.२ ला तीन आठवड्यांनी त्यातली वीस अंदाजात आलेली असतील, निम्मा रस्ता झालेला असेल. ०.१ ला तेवढ्याच रस्त्याला जवळपास सात आठवडे लागतात. तुमचा माल खवट होणारा, पण तुटवडा पडला तर दुकानदार दुसऱ्याचा मसाला ठेवणार. मी तुमच्या जागी ०.२ ठेवला असता.

आणि ती ४० नवीन दुकानामुळे वाढली हे माहीत असेल, तर आल्फाला शिकायला लावू नका. शेवटच्या अंदाजात हाताने ४० मिळवा आणि तिथून पुढे चला.

पेडणेकर_दुकानदार
केटररचे ९० काढून टाकायला माझा विरोध आहे. आकडे सुंदर दिसतात, पण ती ९० पाकिटे खरोखर गेली, त्याचे पैसे आले. लग्नसराईत असे तीन केटरर येतील. प्रत्येक मोठी ऑर्डर वेगळी काढत गेलात तर तक्ता म्हणेल १२३ आणि दारात माणूस उभा असेल दोनशे मागत.

आकडेमोड
काढून टाकायचे नाही, वेगळे ठेवायचे. प्रश्न एवढाच की त्याची ऑर्डर आधी कळते का. आधी कळत असेल तर तिचा अंदाज लागतच नाही, सोमवारच्या भाजण्यात मिळवायची.

फोंडेकरीण
तोच तर त्रास आहे. केटरर दोन दिवस आधी फोन करतो. सोमवारचे भाजणे होऊन गेलेले असते.

मडगावचा_एमबीए
मग केटररला चार दिवस आधी सांगितले तर थोडी सूट, असे करून बघा. किंवा मसाला भाजून ठेवा आणि खोबरे आयत्या वेळी घाला. हे अंदाजाने सुटणारे नाही.

तांबडीभाजी
खोबरे मागाहून घातले तर चव बदलते. भाजताना सगळे एकत्र गरम असावे लागते.

पेडणेकर_दुकानदार
मी माझ्या मतावर आहे. लग्नाच्या महिन्यांत १२३ च्या वर थोडे जास्तच ठेवावे.

आकडेमोड
थोडे जास्त तर नेहमीच ठेवायचे, पेडणेकर. सरासरी चूक सहा, आणि या अकरा आठवड्यांत मागणी अंदाजाच्या वर जास्तीत जास्त बाराने गेली. तेव्हा १२३ वर बारा-पंधरा पाकिटे राखीव. ती अंदाजात मिसळू नका, वेगळी लिहा, नाहीतर पुढच्या आठवड्याची चूक मोजता येणार नाही. केटररसाठी त्याहून जास्त राखीव ठेवायचे का, हे किती पाकिटे खवट होऊ द्यायची तयारी आहे त्यावर आहे. ते मी ठरवू शकत नाही.

हुर्राकवाला
माझ्या मुलाला हे सगळे वाचायला दिले. तो म्हणतो, ताईंच्या मसाल्यालाही हंगाम आहे. श्रावणात कोण शागुती करतो?

फोंडेकरीण
अगदी खरे! गेल्या वर्षी श्रावणात निम्मीसुद्धा गेली नाहीत. चवथ झाली की पुन्हा एकदम मागणी. तेव्हा मी चार आठवड्यांची सरासरी वापरत होते, श्रावणाच्या पहिल्या दोन आठवड्यांत भरपूर उरले आणि चवथीनंतर कमी पडले. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याचा आकडा घेऊ का?

आकडेमोड
मुलगा हुशार आहे. ताई, त्याच आठवड्याचा घेऊ नका, फसाल. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, चवथ २७ ऑगस्टला होती. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला येते. श्रावणही तसाच पुढे गेला, २५ जुलैवरून १३ ऑगस्टवर. गेल्या वर्षीचा जुलैअखेरचा आकडा यंदाच्या जुलैअखेरला लावलात तर ऐन मागणीत निम्मा माल कराल. आठवडे श्रावण लागण्यापासून मोजा. श्रावणाचा पहिला, दुसरा, असे.

आणि त्या आठवड्यांचे आकडे या साध्या तक्त्यात घालू नका. श्रावण लागला की तक्ता थांबवा, शेवटचा अंदाज लिहून ठेवा. चवथीनंतर त्याच आकड्यापासून पुढे सुरू करा. चालू ठेवलात तर श्रावणाचे कमी आकडे अंदाज खाली ओढतील आणि नेमके चवथीनंतर कमी पडेल, गेल्या वर्षीसारखेच.

मडगावचा_एमबीए
पण श्रावणातल्या आठवड्यांत मग काय करायचे? एकाच वर्षाच्या आकड्यांवर गुणक काढणे धोक्याचे नाही का? गेल्या वर्षी त्याच आठवड्यात दुसरेच काही घडले असेल.

आकडेमोड
धोक्याचे आहे. माझ्याकडे त्याला चांगले उत्तर नाही. श्रावणातल्या आठवड्याची मागणी भागिले श्रावणापूर्वीची पातळी, एवढे काढून त्याच्याकडे संशयानेच बघायचे. ताईंच्या सासूबाईंच्या वहीत आणखी मागची वर्षे असतील तर गोष्ट वेगळी.

फोंडेकरीण
वह्या माळ्यावर आहेत. मागची तीन वर्षे तरी नक्की. प्रत्येक पानावर तिथी आहे, तारीख नाही. मला नेहमी वाटायचे, ही काय जुनी पद्धत!

या आठवड्याचे सांगते. तक्त्याने १२३ सांगितले, मी १३५ केली. मागणी १२७ आली, आठ पाकिटे शिल्लक आहेत. ०.२ ने पुढचा अंदाज १२४. तो वहीत पेन्सिलने लिहिला आहे. सासूबाईंनी विचारले, एवढ्या मोजणीनंतर एकच पाकीट वाढले?

आकडेमोड
त्यांना सांगा, बरोबर वाढले. चार पाकिटांची चूक होती, तिचा पाचवा हिस्सा. वह्या खाली काढल्यात की श्रावणाच्या आधीचे चार आणि श्रावणातले चार आठवडे इथे टाका, प्रत्येक वर्षाचे. आठ-आठ आकडे पुरेत.

फोंडेकरीण
रविवारी माळ्यावर चढते. देव बरें करूं.